दरमहा पाच चिठ्ठ्या

ऑडिटच्या दिवशी मामा पहाटेच उठून बसले होते. बायको म्हणाली, "परीक्षा तुमची आहे की कारखान्याची?" मामा म्हणाले, "एकच." आणि चहा तसाच ठेवून निघाले. नंतर दिवसभर त्यांना त्या चहाची आठवण येत राहिली, कारण त्यानंतर पोटात धड काही गेलंच नाही.

मामा म्हणजे डब्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. बावीस वर्षं नोकरी, आणि या बावीस वर्षांत डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी कधी काढलं असेल तर केस कापायला. 'मामा' हे नाव त्यांच्या भाचीमुळे पडलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच तिला इथे चिकटवली होती. पहिल्याच दिवशी ती भर शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या दालनात, "मामा, डबा विसरलास!" असं ओरडली आणि दुसऱ्या दिवसापासून वॉचमनसकट सगळ्यांचे ते मामा झाले. भाची मात्र त्या दिवसापासून सावध झाली. कारखान्यात 'तुम्ही', घरी 'तू', असा तिने स्वतःपुरता नियमच करून टाकला.

मामांचा अभिमान म्हणजे चिठ्ठ्या. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की, अपघात होता होता टळला अशा घटनांची जिथे नोंदच होत नाही, तिथे लोक एकतर आंधळे असतात किंवा घाबरट. मामांना ते एकदम पटलं. परत आल्याबरोबर त्यांनी शॉपच्या दारात पेटी लावली आणि फर्मान काढलं: सहा विभाग, प्रत्येकाने महिन्याला पाच चिठ्ठ्या टाकायच्याच. नाव लिहायची सक्ती नाही. चिठ्ठी आली की मामा ती रजिस्टरला चढवणार, तिच्यावर 'कार्यवाही पूर्ण' असा निळा शिक्का मारणार आणि ती बोर्डावर टाचणार, म्हणजे आपलं कुणी ऐकतंय हे लोकांना दिसेल. जुन्या झाल्या की चिठ्ठ्या फाइलमध्ये जायच्या. उद्देशात कुठेही खोट नव्हती, हे त्यांच्या वतीने सांगून ठेवायला हवं.

आता महिन्याला पाच वेळा पाय घसरायला माणसं काही बर्फावर काम करत नव्हती. महिनाअखेर आली की सुपरवायझर ओरडायचा, "अरे, दोन कमी पडतायत, कुणीतरी घसरा रे!" मग लोक जेवणाच्या सुट्टीत बसून घसरायचे. यात सगळ्यांत तरबेज एक प्रेस ऑपरेटर. त्याला सगळे थापाड्या म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. 'चहाच्या कपात माशी पाहून दचकलो, कप पायावर पडला असता' ही त्याचीच. मामांना हे कळत नव्हतं असं नाही. ते हसायचे आणि शिक्का मारायचे. आकडा पुरा होतोय ना, मग झालं.

ऑडिटरबाई बरोबर नवाच्या ठोक्याला आल्या. चाळिशीच्या, बुटक्या, स्वतःचे सेफ्टी शूज पिशवीत घेऊन आलेल्या. आवाज इतका हळू की मालकांना दोनदा पुढे वाकावं लागलं. मालकांनी सकाळीच मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे सुरक्षिततेचं सर्टिफिकेट मिळालं नाही तर नवीन गिऱ्हाईक दारात उभं करणार नाही. आज एकही मशीन बंद दिसता कामा नये." मामांनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं.

सुरुवातीच्या बैठकीत बाईंनी दिवसाचा क्रम सांगितला. आधी कागद, मग शॉपमध्ये फेरी, मग कामगारांशी बोलणं. "कामगार मी निवडीन, हजेरीपटावरून. बोलताना खोलीत दुसरं कुणी नको. कुणाचं नाव मी अहवालात लिहीत नाही." आणि मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, "एकाच गोष्टीबद्दल तीन ठिकाणी विचारते मी. कागदाला, मशीनला आणि माणसाला. तिघं एकच सांगत असले तर माझं काम लवकर संपतं."

अपघात रजिस्टर पाहिलं. वर्षभरात दोन नोंदी, दोन्ही पत्र्याने बोट कापल्याच्या. मग बाईंनी प्रथमोपचाराचं रजिस्टर मागवलं आणि किती बँडेज गेलं ते ताडून पाहिलं. जुळलं. मामांची छाती जरा फुगली. मग आली चिठ्ठ्यांची फाइल, आणि मामांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली.

बाईंनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. एक पान, दुसरं पान. मग चष्मा वर केला.

"वर्षाच्या तीनशे साठ. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

"हो मॅडम," मामा म्हणाले. "शंभर टक्के."

"होता होता टळलेले अपघात तुमच्याकडे जुडीने येतात का हो? पाच-पाचची जुडी?"

मामा हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा मामांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. बाईंनी फाइलमधून स्वतःच पंचवीसेक चिठ्ठ्या काढल्या. काही वाचून परत ठेवल्या, काही स्वतःच्या फोल्डरमध्ये सरकवल्या. मग दुरुस्ती विभागाचं रजिस्टर मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ काहीतरी पाहत बसल्या. आपल्या फोल्डरमध्ये त्यांनी कुठल्या चिठ्ठ्या घेतल्या, हे मामांना समोर बसून दिसत नव्हतं. मान लांब करून पाहणं बरं दिसलं नसतं.

साडेअकराला फेरी. मामांनी आठवडाभर डोळ्यात तेल घालून तयारी केली होती. पिवळे पट्टे नवे रंगवलेले, आगीची नळकांडी तारखेतली, वाटा मोकळ्या. शॉपमध्ये आठ पॉवर प्रेस एका रांगेत. प्रत्येकीचा ठोका वेगळा आणि मामांच्या कानात आठही ठोके बावीस वर्षं मुरलेले. ऑपरेटरने पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरची रॅम, म्हणजे कापणारा जड भाग, एकदा खाली येऊन झाकण कापून वर जाते आणि थांबते. मग हात घालून झाकण काढायचं. दिवसाला दोनेक हजार वेळा.

बाई चार नंबरपाशी थांबल्या. तिथे भाची काम करत होती. चार नंबर म्हणजे रांगेतली सगळ्यांत देखणी प्रेस, गेल्याच वर्षी रंग दिलेली. दीड महिन्यापूर्वी थापाड्याने ती सोडून पॅकिंगमध्ये बदली मागितली. मामांनी कारण न विचारता सही केली आणि सुपरवायझरने कौतुकाने ते मशीन भाचीला दिलं. "मामांची भाची आहे, चांगलं मशीन द्या." मामांना त्या वेळी बरं वाटलं होतं.

बाई नुसत्या बघत राहिल्या. अंगठ्याने बोटांच्या पेरांवर ठोके मोजत होत्या. मग खुंटीवर टांगलेला चिमटा त्यांनी बोटाने पुसला. बोटाला धूळ लागली.

"झाकण काढायला चिमटा आहे ना?"

"आहे मॅडम," भाची म्हणाली. "पण त्याने हात मंदावतो."

"आणि समोर जाळी का नाही?"

"हाताने पत्रा घालायचा तर जाळी आड येते," मामा घाईने म्हणाले. "म्हणून तर दोन हातांची बटणं आहेत. दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय मशीन मारतच नाही."

"पहिल्यांदा," बाई म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहून पुढे गेल्या.

हा एकच शब्द मामांच्या डोक्यात खडा होऊन खुळखुळत राहिला. पहिल्यांदा म्हणजे काय? चिमट्याचा शेरा बसणार, जाळीचाही बसणार, हे त्यांनी धरून ठेवलं. किरकोळ. पंधरा दिवसांत दुरुस्त करून कळवू. पण मन निवायला तयार नव्हतं.

दुपारी मुलाखती. कॅन्टीनशेजारची छोटी खोली बाईंना दिली होती आणि बाहेर एका खुर्चीवर मामा. त्यांनी तिथे बसायची काही गरज नव्हती. बाईंनी तर स्पष्ट सांगितलं होतं की तुम्ही जवळपास नसलेलंच बरं. मामा वीस पावलं लांब खुर्ची ओढून बसले आणि एवढ्यानेच आपण नियम पाळला अशी स्वतःची समजूत घातली. दाराला काचेची पट्टी होती. तिच्यातून टेबलाचा कोपरा आणि त्यावर पत्त्यांसारख्या मांडलेल्या चिठ्ठ्या दिसत होत्या. एकेक कामगार आत जायचा, चिठ्ठ्यांवर वाकायचा आणि हसायचा. पहिला हसला, दुसरी हसली, तिसरा तर पोट धरून. सगळा कारखाना मिळून आपल्याला मामा बनवत होता, आणि आपण स्वतःच त्यांना पेटी आणून दिली होती.

चौथा थापाड्या. हजेरीपटावर त्याची प्रेसमधून पॅकिंगमध्ये बदली दिसत होती, बाईंनी बहुधा त्यावरूनच त्याला उचललं असावं. मामांनी मनाची तयारी केली. हा आता हसून आतलं छप्पर उडवणार.

थापाड्या चिठ्ठ्यांवर वाकला. हसला नाही. एका चिठ्ठीवर बोट ठेवून तो बराच वेळ बोलत होता आणि बाई लिहीत होत्या. दहा मिनिटांनी तो बाहेर आला. मामांसमोरून तसाच पुढे गेला, मग चार पावलांवरून परत फिरला.

"मामा, माझी चिठ्ठी निघाली."

"कुठली रे? माशीची?"

"नाही. खरी."

थापाड्या त्यांच्याकडे न बघता बोलत होता. "चार नंबरने डबल मारलं होतं. बटणं सोडली, ती वर गेली, थांबली नाही, परत खाली आली. माझा हात आत जात होता. मला शिंक आली म्हणून मागे झालो. शिंकेवर वाचलो मी, मामा. चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं."

मामांना आठवलं. 'शिंक आली म्हणून हात वाचला.' ते वाचून ते खो खो हसले होते. बायकोलासुद्धा सांगितलं होतं.

"अरे, मग तोंडाने सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं तुम्हाला?" थापाड्या म्हणाला. "म्हणून बदली मागितली. मला वाटलं, शिक्का बसलाय तर बघितलं असेल कुणीतरी."

तो गेला. मामा उभे होते. तिथून शॉप भिंतीपलीकडेच, आणि आठ ठोक्यांतून चौथा ठोका त्यांना वेगळा ऐकू यायला लागला. मारलं. उसंत. मारलं. उसंत. त्या प्रत्येक उसंतीत भाचीचा हात आत असणार. 'पहिल्यांदा' म्हणजे काय ते आता लख्ख कळलं. बटणं पहिल्या ठोक्याचीच राखण करतात. दुसरा आपणहून आला तर हात कुठे आहेत हे मशीन कुणाला विचारत नाही.

आता खरं सांगायचं तर मामा लगेच धावले नाहीत. दोन मिनिटं ते त्याच जागी उभे राहिले, आणि ही दोन मिनिटं त्यांनी पुढे कुणालाही सांगितली नाहीत. त्यांच्या मनात आलं, दीड महिना काही झालं नाही. बाई पाचला जातील. सव्वापाचला फिटरला बोलावून गुपचूप उघडून बघू. आत्ता बंद केलं तर वेळेची नोंद होणार, मालक बघणार, तीनशे साठ चिठ्ठ्या आणि बावीस वर्षं एका दुपारी पाण्यात. तेवढ्यात चार नंबरचा ठोका एकदा लांबला. भाची नुसती पत्रा आणायला वळली असेल. पण ठोका परत सुरू व्हायच्या आत मामा शॉपच्या दाराकडे धावत सुटले, आणि मग मात्र त्यांनी कशाचाच विचार केला नाही.

शॉपमध्ये शिरल्यावर मात्र ते धावले नाहीत. चालत्या प्रेसवरच्या माणसाला दचकवायचं नसतं, एवढं भान राहिलं. ते भाचीच्या समोरून तिला दिसतील असे गेले आणि तळहात उंच केला. तिने बटणांवरचे हात काढून मागे घेतले.

"मागे हो. दोन पावलं."

"काय झालं? अजून चारशे राहिलेत..."

"मागे हो म्हणतो ना!"

त्यांनी मोटर बंद केली. फ्लायव्हीलचं जड चाक गरगरत राहिलं, ते पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग मेन स्विच खाली ओढून त्याला कुलूप घातलं, लाल पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. रांगेतल्या सात प्रेस चालू होत्या, तरी चार नंबर थांबल्याची शांतता सगळ्यांना ऐकू गेली. सुपरवायझर आला, पाठोपाठ मालकांच्या केबिनचं दार उघडलं. मालक तिथूनच हातवारे करत होते. मामांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाठ केली.

तेवढ्यात ऑडिटरबाई वही हातात घेऊन जवळजवळ पळत आल्या. कुलूप बघून थांबल्या.

"हेच सांगायला येत होते," त्या म्हणाल्या. "असं काही कळल्यावर संध्याकाळच्या बैठकीपर्यंत थांबता येत नाही." घड्याळ बघून त्यांनी लिहिलं, दोन वाजून बावन्न मिनिटं. "चिठ्ठीवर कार्यवाही पूर्ण असा शिक्का आहे. दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये मात्र चार महिन्यांत या मशीनला कुणी हात लावलेला नाही. मला हे लिहावं लागेल."

"लिहा," मामा म्हणाले.

फिटरने रॅमखाली आधाराचा ठोकळा लावला आणि मगच क्लचचं झाकण उघडलं. आत बोट घालून त्याने क्लचच्या खिट्टीमागची स्प्रिंग बाहेर काढली. तिचे दोन तुकडे होते. तुटलेली टोकं एका कडेला गंजलेली, म्हणजे तडा जुना. दुसरी कड चकचकीत घासलेली. "एका ठोक्यानंतर प्रेस थांबवते ती हीच. कधी धरायची, कधी सोडायची," फिटर म्हणाला. "नशिबावर चालू होती." त्याने ते तुकडे मामांच्या तळहातावर ठेवले. मामांनी मूठ मिटली आणि त्यांना वाटलं, सुटलो. वेळेत पोचलो. देव पावला.

तेव्हा भाची त्यांच्या कानाशी आली.

"माझ्यावर पण मारलं होतं तिने. मागच्या आठवड्यात. दोनदा."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती हात पाठीमागे धरून उभी होती.

"आणि तू सांगितलं नाहीस? मला? घरी, जेवताना, कधीही?"

"सांगितलं की. चिठ्ठी टाकली. घरी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, मामाची भाची म्हणून कुरकुर करते. म्हणून सगळे टाकतात तशी पेटीत टाकली." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून मी पॅकिंगमध्ये बसले होते. चार नंबरवर जायचंच नव्हतं मला. मग सोमवारी बोर्डावर चिठ्ठी बघितली. शिक्का होता. कार्यवाही पूर्ण. म्हटलं, मामाने बघितलंय, म्हणजे झालं. आणि परत उभी राहिले."

मामा बोर्डाकडे चालत गेले. रविवारी रात्री घरी जेवणाच्या टेबलावर बसून, ऑडिटसाठी तुंबलेल्या चाळीस चिठ्ठ्या त्यांनी एका बैठकीत चढवल्या होत्या. बायको चिठ्ठ्या पुढे करत होती आणि ते शिक्का मारत होते. नीट वाचली असती तर अक्षरावरूनच ओळखली असती. ते अक्षर त्यांनी तिला पाटीवर गिरवायला शिकवलं होतं. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरी. 'प्रेस चार. बटण सोडल्यावर परत आली. दोन वेळा. कृपया बघणे.' आणि त्या 'कृपया बघणे'वर आडवा, ठसठशीत, निळा शिक्का.

त्यांनी टाचणी काढली आणि चिठ्ठी घेऊन बाईंसमोर उभे राहिले.

"मॅडम, ही तुम्ही काढलेल्या चिठ्ठ्यांत नव्हती. घ्या."

बाईंनी वाचली. तारीख पाहिली. "हा शिक्का कुणी मारला?"

"मी. न वाचता."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले आणि मामांना एकदा वाचून दाखवले. बरोबर आहे ना, असं विचारलं. मामा म्हणाले, बरोबर आहे.

समारोपाच्या बैठकीत मालक बरंच बोलले. सर्टिफिकेट आज मिळणार नाही हे ठरलं. आठही प्रेसचे क्लच उघडून तपासायचे, जाळ्या बसवायच्या आणि तीनशे साठपैकी प्रत्येक चिठ्ठी खरी की खोटी ते लिहिणाऱ्यांकडून काढायचं, तेही शिक्षेची भीती न घालता. मामांच्या नोकरीचं काय, ते मालक नंतर बघणार होते. मामांनी ते ऐकलं, पण त्यांच्या आत काही हललं नाही. मिटलेल्या मुठीत स्प्रिंगचे तुकडे अजून होते आणि टोचत होते.

सुटीचा भोंगा झाल्यावर मामा फाइल काखोटीला मारून फाटकाशी आले. भाची तिथे वाट बघत उभी होती. रोज ती मैत्रिणींबरोबर पुढे निघून जायची. दोघं चालू लागले. तिचे दोन्ही हात पिशवीच्या बंदांवर होते, आणि मामांची नजर सारखी तिथेच जात होती. दहाची दहा बोटं. पुन्हा पुन्हा मोजूनही तेवढीच भरत होती, तरी त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "उद्या मी कुठल्या मशीनवर उभी राहू? तू सांगशील तिथे राहते."

बावीस वर्षांत असल्या प्रश्नाला मामांनी कधी क्षणभरही वेळ लावला नव्हता. त्यांनी फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"थांब," ते म्हणाले. "आधी मला सगळ्या वाचू दे."